बेल का वाजेना?

मुलांनो, गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी न्यू जर्सीला माझ्या ताईकडे गेले होते. ताईच्या सासूबाई, म्हणजे माई, तिथंच असतात. वय 79. एका दुपारी ताई आणि मी भाजी आणायला गेलो होतो. माई दाराबाहेरच्या कुंड्यांना पाणी घालायला गेल्या आणि वाऱ्यानं दार धाडकन लागलं. आपोआप लागणारं कुलूप! आत माझा बारा वर्षांचा भाचा होता, पण तो वरच्या खोलीत. माईंनी बेल दाबली. दाबली, पुन्हा दाबली. ती कित्येक महिने बंदच होती, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दार जाडजूड, त्यामुळे थापाही वर पोचल्या नाहीत. आम्ही परतलो तेव्हा भुरभुर पावसात माई पायरीवर बसल्या होत्या. चाळीस मिनिटं!

भाच्याचं तोंड एवढंएवढंसं झालं. "मावशी, आपण ती बेल आजच रिपेअर करू," तो म्हणाला. मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. शाळेच्या विज्ञानपेटीतल्या बॅटरीवर घंटी वाजवण्याइतकं ज्ञान माझ्याकडे होतं. म्हटलं, चल.

आधी कागदावर चित्र काढलं. तिथल्या घरात वीज असते 120 व्होल्टची, पण ही बेल चालते 16 व्होल्टवर. मधे वीज कमी करणारा एक ट्रान्सफॉर्मर असतो. त्यात तारेची दोन वेटोळी. घरच्या विजेकडच्या वेटोळ्याला बेलकडच्या वेटोळ्याच्या साधारण साडेसातपट फेरे, म्हणून वीज तेवढ्याच पटीनं उतरते. ट्रान्सफॉर्मरपासून वाजणाऱ्या पेटीकडे, पेटीपासून दारावरच्या बटणाकडे आणि बटणापासून परत ट्रान्सफॉर्मरकडे, असं तारांचं एकच रिंगण. कुठंही तुटलं की सगळं मुकं.

भाचा लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन बटणाकडे धावला. मी म्हटलं, "थांब. नळाला पाणी नसेल तर आधी तोटी बघायची की टाकी?" टाकीतच पाणी नसेल तर तोटी उघडून काय कळणार? म्हणून आम्ही आधी तळघरात गेलो.

विजेच्या मुख्य पेटीजवळ मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर बसवलेला होता. त्यावर '16 व्होल्ट' असं लिहिलेलं. घरच्या विजेच्या तारा त्याच्यामागच्या झाकणाच्या आत होत्या. ते झाकण उघडायचं नाही, असं मी भाच्याला आणि स्वतःलाही बजावलं. समोर दोन लहान स्क्रू होते, त्यांवर 16 व्होल्ट यायला हवेत. भावोजींच्या मल्टिमीटरची टोकं मी त्यांवर टेकवली. काटा नव्हता, आकडे दिसणारं मीटर होतं. आकडा आला शून्य.

"ट्रान्सफॉर्मर गेला!" भाचा ओरडला. मलाही तसंच वाटलं. भावोजी तर नवीन आणायला गाडीची किल्ली शोधू लागले. मी मीटर बंद करायला गेले आणि पाहते तर काय, त्याची चकती सरळ रेघेच्या खुणेवर होती! ती खूण बॅटरीसारख्या, एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेची. ट्रान्सफॉर्मरमधून येते ती सतत दिशा बदलणारी वीज, तिची खूण नागमोडी रेघ. चूक माझीच! चकती नागमोडी रेघेवर नेली आणि पुन्हा टोकं टेकवली. आकडा आला 17.8. बेल वाजत नसताना सोळाच्या थोडं वर दिसणं ठीकच असतं. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत होता. भावोजींनी किल्ली ठेवून दिली.

मग बटण. दोन स्क्रू काढल्यावर ते भिंतीतून बाहेर आलं. मागे दोन बारीक तारा. त्या सोडवून एकमेकींना टेकवल्या तर बटण दाबल्यासारखंच होतं. बेल वाजली तर दोष बटणाचा.

पण मुलांनो, हे वाचून आपल्या घरच्या बेलला हात लावाल तर खबरदार! आपल्याकडे बहुतेक घरांत बेल थेट 230 व्होल्टच्या विजेवर चालते. मधे ट्रान्सफॉर्मर नसतो. तिथं अशा तारा हातात धरणं म्हणजे जिवाशी खेळ. आपल्याकडे वायरमनलाच बोलवायचं. आम्ही तारा टेकवल्या, कारण तिथं 17.8 व्होल्टच आहेत हे आत्ताच मोजून आलो होतो.

तर, तारा टेकवल्या. बेल वाजली नाही. भाचा हिरमुसला. पण मी त्याला आत पाठवलं आणि म्हटलं, पेटीला कान लाव. पुन्हा तारा टेकवल्या.

"मावशी, आतमध्ये कायतरी घूंऽऽ करतंय!"

म्हणजे वीज पेटीपर्यंत पोचत होती! तारा शाबूत होत्या. मग आम्ही तारा पुन्हा बटणाला जोडल्या आणि बटण दाबलं. आता घूं सुद्धा नाही. याचा अर्थ तुमच्या लक्षात आला का? दोष एक नव्हता, दोन होते. बटणातून वीज जातच नव्हती आणि पेटीत ती पोचली तरी आवाज निघत नव्हता. नुसतं नवं बटण आणून लावलं असतं तर बेल मुकीच राहिली असती आणि आम्ही नव्या बटणाला नावं ठेवली असती.

बटण सोपं निघालं. आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता. पाण्याच्या कागदानं तो घासला, की आत घूं ऐकू आली. फार वेळ दाबून धरलं नाही, कारण अडकलेल्या पेटीतलं वेटोळं तापतं.

आता पेटी. तिचं झाकण काढण्याआधी खाली जाऊन बेलच्या विजेचा स्विच बंद केला. आत दोन धातूच्या पट्ट्या, त्यांच्यामधे वेटोळं आणि वेटोळ्याच्या पोकळीत सरकणारी एक लोखंडी दांडी. बटण दाबलं की वेटोळं चुंबक होतं, दांडी ओढली जाऊन एका पट्टीवर आपटते : डिंग. सोडलं की स्प्रिंग तिला मागं ढकलते, ती दुसऱ्या पट्टीवर आपटते : डाँग. आमची दांडी बोटानं ढकलली तरी हलेना! बाहेर काढली तर काळ्या, चिकट रापानं माखलेली. ही पेटी स्वयंपाकघराच्या दाराशीच आहे. इतक्या वर्षांच्या फोडण्यांचा धूर आणि त्यावर बसलेली धूळ! ताई म्हणाली, "म्हणजे माझ्या फोडणीनं बेल मेली?" आम्ही कुणीच उत्तर दिलं नाही.

दांडी आणि ती सरकते ती पोकळी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. भाचा म्हणाला, थोडं तेल घालूया, सुळकन सरकेल. मी नको म्हटलं. तेलावर धूळ बसते आणि पुन्हा तोच चिकटा होतो. ही दांडी कोरडीच बरी. बोटानं ढकलून पाहिली. आता ती सरकून स्प्रिंगनं परत येत होती. झाकण लावलं, खाली जाऊन स्विच चालू केला.

पहिल्यांदा बटण दाबायचा मान माईंचा. त्या मुद्दाम चप्पल घालून बाहेर गेल्या, दार लावून घेतलं आणि...

डिंग!

आम्ही वाट बघत राहिलो. पुढं काहीच नाही. भाच्यानं माझ्याकडे बघितलं. मग त्याची ट्यूब पेटली आणि तो दाराकडे धावत ओरडला, "आजी, बटण सोड! बोट काढ!"

डाँग.