चिटाचा परकर आणि ‘चिंट्झ’

‘चिटाचा परकर’ या शब्दांचे इंग्रजी भाषांतर करताना ‘चिंट्झ’ हा शब्द आयता हाती येतो. नाते खरेच आहे. ‘छींट’ म्हणजे शिंतोडा. त्यातूनच इंग्रजीतला ‘चिंट्झ’ निघाला आणि आपली ‘चीट’ही त्याच घरची. परंतु सतराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावरून युरोपात गेलेल्या कापडांवर मोठी फुले आणि नागमोडी वेली होत्या. (फ्रान्सने १६८६ मध्ये अशा कापडांवर बंदी घातली, इतकी त्यांची भुरळ!) म्हणून आजचा इंग्रज वाचक ‘चिंट्झ’ म्हटल्यावर दिवाणखान्यातले तळव्याएवढ्या गुलाबांचे पडदे पाहतो.

परकरावरची फुले नखाएवढी, विखुरलेली, देठ चहूकडे वळलेले असतील, तर तिकडे त्यांना ‘डिट्सी’ म्हणतात. अशा कापडाला वरची-खालची बाजू नसते. शिंपी तुकडे उलटसुलट मांडून कापतो. शिवणीवर फूल तुटले तरी डोळ्यांना खुपत नाही. चिंट्झमध्ये मात्र गुलाब जुळवावा लागतो आणि त्यापायी कापड वाया जाते. पान, कळी, कधी मुळासकट एकेक रोप वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातल्यासारखे दाखवले, तर ती ‘बोटॅनिकल’ छपाई.

फुले एकाच काठाला दाटलेली असतील, तर आकारापेक्षा जागा महत्त्वाची. चुण्यांचा परकर सरळ पट्ट्याचा, म्हणून काठ घेराशी नीट बसतो. गोल घेराच्या झग्याला मात्र असे कापड चालत नाही. कात्री वळते आणि फुलांची रांग मध्येच तुटते.