इंडिया गेटवरची नावे आणि सोलापूरचे कुर्बान हुसेन

पंधरा ऑगस्ट जवळ आला की आमच्या खानदानाच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. इंडिया गेटवर ९५,३०० स्वातंत्र्यसैनिकांची नावे कोरली आहेत, त्यांपैकी ६१,९४५ मुसलमानांची. पुढे शीख ८,०५०, मागासवर्गीय १४,४८०, दलित १०,७७७ आणि सवर्ण ५९८. शेवटी ‘इतका पाठवा की देशाला कळलं पाहिजे’. यंदा तो मामूंनी पाठवला. त्यांच्यासारखा भला माणूस पाठवतो म्हणूनच लोक विश्वास ठेवतात.

मी आधी काही शोधले नाही, नुसती बेरीज केली. पाचही आकडे मिळून ९५,८५० होतात, म्हणजे एकूण नावांपेक्षा ५५० जास्त. ज्याने हा हिशेब मांडला त्याने दगडावरची नावे मोजलेली नाहीत, एवढे कळायला दिल्लीला जावे लागत नाही.

पण आकडा चुकला म्हणून मूळ गोष्ट खोटी ठरत नाही, म्हणून पुढचा प्रश्न विचारायचा: ही वास्तू कुणी, केव्हा, कुणासाठी बांधली? इंडिया गेट इंग्रजांनी बांधले. पायाभरणी १९२१ ची, आराखडा लट्यन्सचा आणि उद्घाटन फेब्रुवारी १९३१ मध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते. कमानीच्या माथ्यावरचा मजकूर छायाचित्रातही वाचता येतो. फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली इथे पडलेल्या हिंदी सैनिकांचे ते स्मारक आहे. भिंतींवर कोरलेली नावे मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात मेलेल्यांची आहेत. ती तेरा हजारांहून थोडी अधिक आहेत, ९५ हजार नव्हेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर ‘दिल्ली मेमोरियल’ या नावाने त्यांची नोंद आहे आणि तिथे एकेक नाव शोधता येते. नावांत मुसलमान पुष्कळ आहेत. पण ते इंग्रजांच्या पलटणीतले शिपाई होते, आणि अफगाण युद्धात तर समोरचेही मुसलमानच होते. त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणणे म्हणजे त्यांची खरी कहाणीही पुसणे.

गोंधळ का होतो हे समजण्यासारखे आहे. १९७१ च्या युद्धानंतर कमानीखाली अमर जवान ज्योत पेटली आणि ती २०२२ पर्यंत तिथेच होती. साहजिकच लोकांच्या मनात ती जागा ‘आपल्या’ शहिदांची झाली.

हे सारे ग्रुपवर लिहिले तेव्हा मामू म्हणाले, “अरे बेटा, आपल्याच बाजूचं आहे ना? कशाला खोदतोस?” मला वाटते, आपल्या बाजूचे आहे म्हणूनच खोदावे. उद्या चहाच्या टपरीवर कुणीतरी मोबाइल काढून हा मेसेज दोन मिनिटांत खोटा ठरवील, आणि त्याच्याबरोबर खऱ्या नावांवरचाही विश्वास जाईल. समोरच्याला तेवढेच निमित्त पुरते.

नुसते ‘हे खोटे आहे’ म्हटले की लोक गप्प बसतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच पाठवतात. रिकामी झालेली जागा भरावी लागते. म्हणून त्या ६१ हजारांच्या जागी मी एकच माणूस ठेवला. असे नाव निवडताना चार गोष्टी हव्यात: पूर्ण नाव, गाव, घटना आणि तारीख. यांतली एखादी मिळत नसेल तर ते नाव सोडून द्यायचे, कितीही मोह झाला तरी. भारतीय इतिहास संशोधन परिषदेच्या हुतात्म्यांच्या कोशात प्रांतवार नोंदी आहेत आणि जिल्हा गॅझेटियरही कामाला येते. एक अडचण मात्र ठरलेली. मुसलमान नावे कुठे उलटसुलट, कुठे अर्धवट लिहिलेली असतात. कुर्बान हुसेन या नावाने सापडले नाही तर अब्दुल रसूल या नावाने बघावे.

शेवटी मामूंच्या मेसेजच्या जागी हा मजकूर गेला:

‘सोलापुरात मे १९३० मध्ये लोकांनी इंग्रज सत्तेविरुद्ध उठाव केला आणि सरकारने मार्शल लॉ लावला. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. पुढच्याच महिन्यात दिल्लीत इंडिया गेटचे उद्घाटन झाले. ज्या सरकारने कुर्बान हुसेन यांना फासावर चढवले, त्याच सरकारची ती कमान. त्यांचे नाव तिथे शोधू नका. सोलापूरला गेलात तर चार हुतात्मा चौकात थांबा.’

मामूंनी वाचले आणि विचारले, “आणि आकडा?”

“चार,” मी लिहिले. “त्यातला एक आपला म्हणायचा की चौघेही, ते तुम्ही ठरवा.”

त्यांनी मजकूर पुढे पाठवला, पण वर स्वतःची एक ओळ जोडून: ‘हमारे सोलापूर के चार’.