सव्वीस पंधरवडे

बुलढाण्यास असताना मी वर्षभरात संपूर्ण धम्मपद मुखोद्गत करण्याचा संकल्प केला. गाथा 423, वग्ग 26 आणि वर्षाचे पंधरवडेही 26. म्हणून पंधरवड्यास एक वग्ग. रोज पहाटे दोन नव्या गाथा, उरलेले दिवस उजळणीस. चौदाव्या दिवशी पत्नी ग्रंथ हाती घेई आणि मी म्हणे. अडखळलो तिथे ती पेन्सिलीची खूण करी. त्याच गाथा पुढील पंधरवड्यात रात्री पुन्हा घ्यायच्या.

अडचण शेवटच्या ब्राह्मणवग्गाची. त्यात 41 गाथा. या मापात न बसणारा वग्ग तेवढा एकच. मात्र अत्तवग्ग दहाच गाथांचा, म्हणजे नऊ पहाटा मोकळ्या. त्यांत ब्राह्मणवग्गाच्या पहिल्या 18 गाथा आधीच पाठ केल्या. अखेरीस पाच खुणा पडल्या. चार त्या अठरांतल्याच.