एका चांदणीवर विसंबून

संख्याशास्त्राच्या वर्गात रिग्रेशन शिकवताना मी अनेक वर्षे एकच उदाहरण घेत आले. १९७४ सालच्या ‘मोटर ट्रेंड’ या अमेरिकन मासिकातून घेतलेली ३२ गाड्यांची माहिती. आर या सॉफ्टवेअरमध्ये ती mtcars या नावाने आयती मिळते, म्हणून विद्यार्थ्यांना वेगळी फाइल द्यावी लागत नाही. प्रत्येक गाडीचे वजन, इंजिनाची ताकद, गिअर ऑटोमॅटिक की मॅन्युअल आणि एका गॅलनमध्ये ती किती मैल धावते, असे सगळे तिच्यात आहे. प्रश्न साधा होता : मॅन्युअल गिअरमुळे गाडीचे मायलेज वाढते का? माझ्या नोट्समध्ये या प्रश्नाची दोन उत्तरे होती, एकाच पानावर, एकाखाली एक. दोन्ही मी ठामपणे लिहिली होती आणि दोन्ही चुकीची होती. त्या नोट्स बऱ्याच मुलांच्या हातात गेल्या, म्हणून ही चूक नीट उलगडून सांगणे मला आवश्यक वाटते.

नुसत्या सरासऱ्या पाहिल्या तर १९ ऑटोमॅटिक गाड्यांचे मायलेज गॅलनला १७.१५ मैल आणि १३ मॅन्युअल गाड्यांचे २४.३९ मैल येते. फरक सव्वासात मैलांचा. पण मॅन्युअल गाड्यांत होंडा सिव्हिक आणि टोयोटा कोरोला आहेत, तर ऑटोमॅटिकमध्ये लिंकन कॉन्टिनेंटल आणि कॅडिलॅक फ्लीटवुडसारखी पाच हजार पौंडांहून जड धुडे आहेत. त्यामुळे वजन हिशेबात घेतल्याशिवाय गिअरबद्दल बोलण्यात अर्थ नाही. वजन घातल्यावर असा तक्ता येतो :

```
lm(mpg ~ wt + am, data = mtcars)

     Estimate Std. Error t value Pr(>|t|)
wt   -5.35281    0.78824  -6.791 1.87e-07 ***
am   -0.02362    1.54565  -0.015    0.988
```

am म्हणजे गिअर. मॅन्युअलला १, ऑटोमॅटिकला ०. शेवटच्या रकान्यात ०.९८८ पाहून मी लिहिले होते : ‘वजन सारखे असेल तर गिअरचा मायलेजवर परिणाम नाही, सहगुणक शून्य असण्याची शक्यता जवळजवळ ९९ टक्के.’

पी-व्हॅल्यू असे काही सांगतच नाही. तिचा हिशेबच मुळी ‘खरा सहगुणक शून्य आहे’ असे धरून सुरू होतो. तसे असेल आणि मॉडेलची बाकीची गृहीतकेही बरोबर असतील, तर शून्यापासून इतका किंवा याहून दूरचा टी किती वेळा मिळेल, एवढेच ती सांगते. जे गृहीत धरून गणित मांडले, त्याची शक्यता त्याच गणितातून निघू शकत नाही.

‘परिणाम नाही’ हे तर त्याहून मोठे चुकले होते. टी म्हणजे अंदाज भागिले स्टँडर्ड एरर. इथे अंदाज शून्याजवळ आहे खरा, पण स्टँडर्ड एरर दीड मैलाची आहे. ३२ गाड्यांतून ३ सहगुणक काढले की २९ डिग्रीज ऑफ फ्रीडम उरतात आणि त्यासाठी टी-तक्त्यातला आकडा २.०४५ आहे. त्याला १.५४६ ने गुणले की ३.१६. म्हणजे ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ३.१८ पासून अधिक ३.१४ पर्यंत जातो. मॅन्युअल गाडी गॅलनमागे तीन मैल मागे असेल किंवा तीन मैल पुढे असेल, ही माहिती दोन्ही शक्यता खोडून काढत नाही. ज्या गाड्यांची एकूण सरासरीच वीस मैल आहे, तिथे तीन मैल ही किरकोळ गोष्ट नाही. ‘परिणाम नाही’ हे वाक्य तेव्हाच लिहिता आले असते, जेव्हा हा इंटरव्हल शून्याभोवती अगदी अरुंद असता, समजा पाव-अर्ध्या मैलाचा. मी कॉन्फिडन्स इंटरव्हल काढलाच नव्हता. आर तो summary मध्ये छापत नाही, त्यासाठी confint ही वेगळी आज्ञा द्यावी लागते, आणि जे छापलेले नाही ते मी मागितले नाही.

त्याच पानावर खाली दुसरे मॉडेल होते. त्यात qsec वाढवले होते, म्हणजे गाडीला पाव मैल कापायला लागणारे सेकंद.

```
lm(mpg ~ wt + qsec + am, data = mtcars)

     Estimate Std. Error t value Pr(>|t|)
wt    -3.9165     0.7112  -5.507 6.95e-06 ***
qsec   1.2259     0.2887   4.247 0.000216 ***
am     2.9358     1.4109   2.081 0.046716 *
```

am च्या ओळीला एक चांदणी लागली आणि मी लिहिले : ‘मॅन्युअल गाडी गॅलनला तीन मैल जास्त देते, हे ९५ टक्क्यांहून अधिक खात्रीने सिद्ध.’ वर ‘परिणाम नाही’, खाली ‘सिद्ध’. ही दोन वाक्ये एकमेकांशेजारी नांदत आहेत, हे मला बराच काळ दिसले नाही. मी प्रत्येक तक्ता स्वतंत्र वाचत होते आणि दर वेळी नजर थेट शेवटच्या रकान्यावर जात होती.

०.०४६७ म्हणजे नेमके काय, हे मला स्वतःला पटवून घ्यायला सूत्रांपेक्षा एका छोट्या प्रयोगाचा जास्त उपयोग झाला. am च्या जागी पूर्ण यादृच्छिक आकडे घालायचे, ज्यांचा मायलेजशी काहीही संबंध नाही, आणि तेच रिग्रेशन दहा हजार वेळा चालवायचे :

```r
t0 <- replicate(10000, {
  mtcars$u <- rnorm(32)
  m <- lm(mpg ~ wt + qsec + u, data = mtcars)
  summary(m)$coef["u", "t value"]
})
mean(abs(t0) > 2.081)
```

उत्तर ०.०४७ च्या आसपास येते. निरर्थक आकड्यांनाही शंभरात सुमारे पाच वेळा एवढा किंवा याहून मोठा टी मिळतो, दोन्ही बाजू धरून. पी-व्हॅल्यूचा अर्थ एवढाच. मॅन्युअल गिअरचा फायदा असण्याची शक्यता ९५.३ टक्के आहे, असे यात कुठेही म्हटलेले नाही.

इथलाही कॉन्फिडन्स इंटरव्हल काढून पाहू. २८ डिग्रीज ऑफ फ्रीडमसाठी आकडा २.०४८, गुणिले १.४१०९ म्हणजे २.८९. तेव्हा इंटरव्हल ०.०५ पासून ५.८३ पर्यंत. शून्य बाहेर राहिले ते केसाइतक्या अंतराने. टी २.०४८ च्या पुढे जाणे, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येणे आणि शून्य इंटरव्हलबाहेर पडणे, ही एकाच गणिताची तीन रूपे आहेत. त्यामुळे तीन पुरावे मिळाले असे समजायचे नाही. पण इंटरव्हल जे सांगतो ते चांदणी सांगत नाही : फायदा सहा मैलांच्या जवळपास असेल किंवा नगण्य असेल. मी ‘तीन मैल’ लिहून मोकळी झाले होते.

इंटरव्हलबद्दलही माझे एक वाक्य चुकलेले होते : ‘खरा सहगुणक या दोन आकड्यांमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के.’ जेर्झी नेमन यांनी १९३७ साली ही कल्पना मांडली तेव्हा ९५ टक्के हा गुण पद्धतीचा होता, हाती आलेल्या एका इंटरव्हलचा नव्हे. याच पद्धतीने पुन्हा पुन्हा नमुने घेऊन इंटरव्हल काढत गेलो, तर शंभरातले सुमारे पंच्याण्णव खऱ्या आकड्याला कवेत घेतील. हातातला एक त्यांपैकी आहे की नाही, हे कळत नाही. शिकवताना मला दुसरी मांडणी जास्त कामाची वाटते : ५ टक्क्यांच्या कसोटीवर ही माहिती सहगुणकाच्या ज्या ज्या किमती नाकारू शकत नाही, त्या सगळ्यांची ही यादी. शून्य ही त्यांतली फक्त एक किंमत. बाकीच्यांकडेही पाहायला हवे.

मग उणे ०.०२ चा सहगुणक एकदम २.९४ कसा झाला? हा प्रश्न मी आधीच विचारायला हवा होता. पहिल्या मॉडेलमधला सहगुणक सारख्या वजनाच्या गाड्यांची तुलना करतो. दुसऱ्यातला सारख्या वजनाच्या आणि सारख्या वेगाने पळणाऱ्या गाड्यांची करतो. या यादीतल्या मॅन्युअल गाड्यांत पोर्शे, फेरारी डिनो, लोटस युरोपा आणि मासेराती बोरा आहेत. त्या चपळ आहेत आणि चपळपणासाठी इंधन जाळतात. फक्त वजन धरले तर त्यांचे हे इंधन गिअरच्या खात्यात जाते आणि मॅन्युअलचा फायदा असलाच तर झाकला जातो. वेग वेगळा काढला की आकडा वर येतो. दोन सहगुणकांचे नाव एक असले तरी ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. त्यातला कोणता प्रश्न आपल्याला विचारायचा आहे, हे पी-व्हॅल्यू ठरवून देत नाही.

आणि हे दुसरे मॉडेल मी विचार करून निवडलेच नव्हते. दहा चलांचे पूर्ण मॉडेल step या आज्ञेला दिले, तिने गाळत गाळत wt, qsec आणि am ठेवले. दहा चलांतून १०२४ मॉडेले बनू शकतात. त्यातून माहितीशी सगळ्यात चांगले जुळणारे आधी शोधायचे आणि मग त्याच माहितीवर त्याची पी-व्हॅल्यू काढायची, असे केले की ती व्हॅल्यू मुळातच लहान दिसते. वरच्या प्रयोगातले ०.०४७ हे एकच मॉडेल आधीपासून ठरलेले असताना खरे आहे. शोधाशोध केल्यावर ०.०४६७ आणि ०.०५ यांतला चिमुकला फरक उरतच नाही.

चांदण्या नसलेल्या ओळी खोडण्याची सवयही मला होती. दहाही चले घेतलेल्या मॉडेलने ती मोडली. तिथे एकाही चलाची पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली नाही, वजनाचीसुद्धा ०.०६३ आहे. तरी मायलेजमधल्या चढउतारापैकी ८७ टक्के हे मॉडेल टिपते, आणि सगळे सहगुणक एकदम शून्य आहेत हे गृहीतक एफ-कसोटी निःसंशय नाकारते. कारण वजन, सिलिंडर, इंजिनाचा आकार आणि ताकद एकमेकांबरोबर चालतात. फक्त वजन असलेल्या मॉडेलमध्ये वजनाची स्टँडर्ड एरर ०.५६ होती, इथे ती १.८९ झाली. वजनाचा परिणाम नाहीसा झालेला नाही. बाकीच्यांपासून तो वेगळा काढण्याइतकी माहिती ३२ गाड्यांत नाही.

नोट्समधले ते पान आता बदलले आहे. am समोर अंदाज, स्टँडर्ड एरर आणि इंटरव्हल लिहिलेले आहेत, शेजारी दोन्ही मॉडेले आणि दुसरे कसे निवडले तेही. चांदण्या मी options(show.signif.stars = FALSE) देऊन बंद केल्या आहेत. खाली उत्तर असे आहे : वजन आणि वेग सारखा धरला तर मॅन्युअलचा थोडा फायदा दिसतो, पण तो किती आणि खरोखर आहे का, हे या ३२ गाड्यांवरून ठरत नाही. माझ्या जुन्या नोट्स कोणाकडे अजून असतील तर त्या पानावरची ती दोन्ही वाक्ये कृपया खोडून टाका.