शीर्षकातलं काय राखायचं

चांगल्या क्रमांकावर असलेल्या जुन्या ब्लॉगलेखाचं शीर्षक बदलू नये, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. आत मजकूर सुधारावा, आकडे ताजे करावेत, बंद पडलेल्या लिंक काढाव्यात, पण शीर्षकाला हात लावू नये. आज मी तसं मानत नाही. जुने लेख नव्याने तयार करताना शीर्षक बदलावं, अनेकदा बदलायलाच हवं, असं मला वाटतं. मात्र काय बदलायचं आणि काय राखायचं, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे.

आधीचं मत हवेतून आलेलं नव्हतं. पान कशाबद्दल आहे हे गूगलला कळण्याच्या खुणांमध्ये शीर्षकाचं स्थान मोठं आहे. शिवाय शीर्षक, पत्ता आणि मजकूर एकदम बदलून वाचक गमावलेली संकेतस्थळं मी जवळून पाहिली होती. तिथे नेमकं कशामुळे नुकसान झालं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यामुळे क्रमांक शीर्षकाला चिकटलेला असतो आणि शीर्षक हललं की क्रमांकही हलतो, असं मी धरून चालले होते.

हे मत बदललं ते सातबाऱ्यावरच्या एका लेखामुळे. लेख २०१९चा. शीर्षक होतं, ‘सातबारा उतारा ऑनलाइन कसा काढायचा? संपूर्ण माहिती 2019’. गावातल्या जमिनीचा उतारा `bhulekh.mahabhumi.gov.in` वर मोफत कसा पाहायचा, एवढंच त्यात होतं. पुढे वाचकांच्या गरजा वाढल्या. मोफत दिसणारी प्रत माहितीपुरती असते, सरकारी किंवा कायदेशीर कामाला चालत नाही. त्यासाठी `digitalsatbara.mahabhumi.gov.in` वरून १५ रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा घ्यावा लागतो. २०२१च्या ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. हे सगळं मी लेखात घातलं आणि पानावरचा मोठा मथळाही त्याप्रमाणे नवा केला. एसईओ प्लगइनमध्ये भरलेलं शीर्षक मात्र तसंच ठेवलं, कारण क्रमांक त्याच्यावर उभा आहे असं मी समजत होते.

काही काळाने शोधनिकालात पाहिलं तर गूगल ते जुनं शीर्षक दाखवतच नव्हतं. तिथे पानावरचा नवा मथळा आला होता. यात विशेष काही नव्हतं. २०२१च्या ऑगस्टमध्ये गूगलने निकालातली शीर्षकं ठरवण्याची पद्धत बदलली आणि पुढच्याच महिन्यात सांगितलं, की सुमारे ८७ टक्के वेळा पानाने दिलेलं शीर्षक वापरलं जातं. उरलेल्या वेळी ते पानावरच्या मथळ्यातून किंवा इतर मजकुरातून घेतलं जातं. शीर्षकात जुनं वर्ष आणि आत नवा मजकूर असेल तर असं होऊ शकतं, हे गूगलच्या मार्गदर्शिकेत उदाहरणासह दिलेलं आहे. म्हणजे जे शीर्षक मी जपत होते ते वाचकापर्यंत पोहोचतच नव्हतं, आणि तरीही पान आपल्या जागेवर होतं. क्रमांक शीर्षकाचा असतो या समजुतीला तिथे तडा गेला.

मग क्रमांक कशाचा असतो? तो पानाचा असतो, पण एका विशिष्ट शोधासाठी. एकच पान एका शोधाला तिसरं येतं आणि दुसऱ्या शोधाला तिसावं. ‘माझं पान चौथ्या क्रमांकावर आहे’ हे वाक्यच अपुरं आहे. कोणत्या शब्दांसाठी चौथ्या, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. म्हणून शीर्षक बदलताना जपायचे असतात ते वाचक आणणाऱ्या शोधांतले शब्द.

हे शब्द सर्च कन्सोलमध्ये मिळतात. परफॉर्मन्स अहवालात आधी त्या एका पानाचा पत्ता गाळणीत घालायचा आणि मग क्वेरीजची यादी उघडायची. तिथे जास्तीत जास्त १६ महिन्यांची माहिती असते. काही तुरळक शोध गोपनीयतेसाठी लपवलेले असतात, पण निर्णयाला पुरेल इतकं हाती लागतं. यादी मी दोनदा लावते. पहिल्यांदा क्लिकनुसार, म्हणजे पान आज कशावर जगतं ते कळतं. दुसऱ्यांदा इम्प्रेशननुसार, म्हणजे पान कुठे दिसतं पण उघडलं जात नाही ते कळतं.

सातबाऱ्याच्या पानात क्लिक आणणारे शोध ‘सातबारा उतारा ऑनलाइन’, ‘7/12 उतारा’, ‘सातबारा कसा काढायचा’ आणि रोमन लिपीतले `satbara utara online` अशा धाटणीचे होते. दिसणारे पण न उघडले जाणारे शोध ‘डिजिटल सातबारा’ आणि ‘सही असलेला सातबारा’ या बाजूचे होते. ‘संपूर्ण माहिती’ हे शब्द टाइप करून जवळपास कुणी येत नव्हतं, आणि 2019 तर वाचकाला दूर ठेवत होतं. यादी समोर असल्यावर निर्णय सोपा झाला. सातबारा, उतारा, ऑनलाइन, कसा काढायचा हे राखायचं. 7/12 आकड्यांत घालायचं, कारण लोक तसंच टाइप करतात. वर्ष आणि ‘संपूर्ण माहिती’ काढायचं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत लेख आता खरोखर जे देतो ते सांगायचं.

```html
<title>7/12 सातबारा उतारा ऑनलाइन कसा काढायचा: मोफत आणि डिजिटल सहीचा</title>
<h1>सातबारा उतारा ऑनलाइन कसा काढायचा: मोफत आणि डिजिटल सहीचा</h1>
```

ओळखीचे शब्द मुद्दाम आधी ठेवले. निकालात जागा मर्यादित असते, लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते, आणि कापली गेली तरी वाचकाने टाइप केलेले शब्द त्याला दिसले पाहिजेत. मथळा आणि शीर्षक अक्षरशः सारखे असण्याची गरज नाही, पण दोघांनी एकच वचन दिलं पाहिजे. पत्त्याला मी हात लावला नाही. वर्डप्रेसमध्ये प्रकाशित लेखाचं शीर्षक बदललं तरी पत्ता आपोआप बदलत नाही, आणि तो तसाच राहू द्यावा. पत्ता बदलायची वेळ आलीच, तर जुन्यावरून नव्याकडे ३०१ पुनर्निर्देशन हवं. पण ते काम शीर्षकासोबत करू नये, नाहीतर परिणाम कशाचा हे कळत नाही.

माझं मत खऱ्या अर्थाने पक्कं झालं ते परिणाम मोजताना, आणि इथेच बहुतेक लोक घाबरून माघार घेतात. समजा, बदलाआधी पान १,००० वेळा दिसत होतं आणि सरासरी स्थान ४ होतं. नव्या शीर्षकानंतर ते जुने १,००० आहेत तसेच ४ वर राहिले, पण ‘डिजिटल सातबारा’सारख्या नव्या शोधांत पान आणखी १,००० वेळा, ३०व्या स्थानावर दिसू लागलं. अहवालात पानाचं सरासरी स्थान १७ दिसेल. क्लिकचं प्रमाणही घसरलेलं दिसेल. प्रत्यक्षात एकही वाचक गेलेला नाही, उलट पान नव्या दारापाशी उभं राहिलं आहे. म्हणून पानाच्या सरासरीवर निर्णय कधीच घेऊ नये. जे शब्द राखायचे ठरवले होते, तेवढेच शोध एकेक उघडून आधीचे २८ दिवस आणि नंतरचे २८ दिवस ताडून पाहावेत. २८ दिवस घेतले की दोन्हीकडे आठवड्याचे वार सारखे पडतात.

मोजणी बदलाच्या दिवसापासून नव्हे, गूगलने पान पुन्हा वाचल्यापासून सुरू करावी. यूआरएल तपासणीत शेवटच्या वाचनाची तारीख दिसते, आणि पुन्हा वाचण्याची विनंतीही तिथूनच करता येते. हंगामाचाही विचार करावा लागतो. खरिपात पीककर्ज आणि पीकविम्याच्या दिवसांत सातबाऱ्याचा शोध वाढतो. जूनमध्ये शीर्षक बदलून जुलैतली वाढ त्याच्या नावावर मांडली तर ती फसगत होईल. अशा वेळी मागच्या वर्षीचे तेच आठवडे पाहावेत. शिवाय त्याच विषयावरची, हात न लावलेली एकदोन पानं सोबत पाहावीत. तीही घसरली असतील तर कारण शीर्षकात नाही.

शीर्षक बदलल्याने खरं नुकसान होतं तेव्हा त्याचं रूप वेगळं असतं. राखलेल्या मुख्य शोधातच स्थान काही आठवडे खाली राहतं आणि शेजारची पानं मात्र जागेवर असतात. याची कारणं मला बहुधा दोनच आढळली आहेत. एक म्हणजे शीर्षकाने वचनच बदललं. ‘कसा काढायचा’ असं विचारणाऱ्यासाठीचं पान ‘महाराष्ट्रातील भूमी अभिलेख: एक मार्गदर्शक’ झालं, की ज्याला उतारा हवा आहे तो दुसरीकडे जातो. दुसरं म्हणजे नव्या शीर्षकाने आपल्याच दुसऱ्या पानाशी स्पर्धा लावली. डिजिटल सहीच्या उताऱ्यावर स्वतंत्र लेख आधीच असता, तर मी ते शब्द या शीर्षकात घातले नसते. आतल्या मजकुरात त्या लेखाची लिंक दिली असती. पहिल्या प्रकारात जुने शब्द परत आणावेत, पण स्थान लगेच परत येईल असं गृहीत धरू नये.

काही शीर्षकं मी आजही बदलत नाही. ज्या पानाचे बहुतेक क्लिक एकाच शोधातून येतात, ते त्या शोधात पहिल्या दोनतीन जागांत आहे आणि लोक ते उघडतही आहेत, तिथे मजकूर सुधारून थांबते. केवळ वर्षाचा आकडा पुढे ढकलणंही मी करत नाही. शुल्क, संकेतस्थळाचा पत्ता आणि अर्जाच्या पायऱ्या पुन्हा तपासल्याशिवाय नवं वर्ष लिहिणं म्हणजे वाचकाला खोटं सांगणं आहे, आणि उतारा हातात नसताना तहसील कार्यालयाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते.

जुने लेख नव्याने करायला घेतलेल्या सगळ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. नवं शीर्षक सुचायच्या आधी त्या पानाची क्वेरीजची यादी उघडा आणि क्लिक आणणारे शब्द कागदावर उतरवा. ते शब्द नव्या शीर्षकात असतील आणि पान त्यांना पूर्वीपेक्षा चांगलं उत्तर देत असेल, तर बाकीचं निर्धास्त बदला.