इंडिकेटर शून्य

तलवारबाजीच्या स्पर्धेहून परत आलो की घरच्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती जिंकलास?" गेल्या वेळी मी सांगितले, "पूलमध्ये तीन जिंकलो, तीन हरलो, पंधरावा आलो आणि पुढे एक हरलो." आई म्हणाली, "तीन हरल्यावर तुला पुढे खेळू कसे दिले?" बाबांनी विचारले, "निम्म्या लढती जिंकलास, मग बरोबर पंधरावाच कसा?" दोघांचेही प्रश्न रास्त होते. त्यांची उत्तरे पूलच्या एका कागदावर असतात. तो कागद कसा वाचायचा, हे मी त्या आंतरशालेय स्पर्धेतल्या माझ्याच ओळीवरून सांगणार आहे.

माझा प्रकार एपी. आम्ही २८ जण होतो, सात-सात जणांचे चार पूल. पूलमध्ये प्रत्येक जण बाकीच्या सहांशी एकेकदा लढतो. बाउट पाच टचची किंवा तीन मिनिटांची, जे आधी संपेल ते. कागदावर सात ओळी आणि सात रकाने असतात. माझ्या ओळीत मी प्रत्येकाला किती टच मारले ते लिहितात. त्यामुळे माझी ओळ आडवी बेरजेला घेतली की मी मारलेले टच मिळतात आणि माझा रकाना उभा बेरजेला घेतला की मी खाल्लेले टच मिळतात. मारलेल्यांतून खाल्लेले वजा केले की येतो तो इंडिकेटर.

क्रम लावताना आधी विजय पाहतात, म्हणजे खेळलेल्या बाउटपैकी किती जिंकल्या. तिथे बरोबरी झाली तर इंडिकेटर, आणि तोही सारखा निघाला तर ज्याने जास्त टच मारले तो वर. हा क्रम कधी उलटत नाही. त्या दिवशी एकोणिसावा आलेला मुलगा दोनच बाउट जिंकला होता, पण चारही पराभव ३–५ असे झुंजून घेतलेले होते. त्याचा इंडिकेटर अधिक १ होता. अठराव्याचा इंडिकेटर उणे ८ होता, तरी तो वर, कारण त्याचे विजय तीन होते.

आता माझी ओळ. तीन विजय ५–३, ५–२ आणि ४–३. तीन पराभव ४–५, ३–५ आणि २–५. मारलेले टच २३, खाल्लेले २३. इंडिकेटर शून्य.

यातला ३–५ हा पराभव मला सगळ्यांत जास्त आठवतो. समोरचा डावखुरा होता आणि दीड मिनिटात मी ०–४ मागे पडलो. आमचे सर पिस्टच्या कडेला उभे होते. ते एवढेच म्हणाले, "बाउट गेली असेल, ओळ अजून बाकी आहे." ही बाउट फिरवायला मला सलग पाच टच हवे होते, ते होणे कठीण होते. पण ०–५ ने संपली तर इंडिकेटरमधून पाच जाणार होते आणि ३–५ ने संपली तर दोनच.

एपीमध्ये इथे एक खास गोष्ट आहे. दोघांचे टच एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत लागले तर दोन्ही दिवे लागतात आणि दोघांनाही टच मिळतो. हा डबल पुढे असलेल्याच्या सोयीचा असतो. ०–४ असताना डबल झाला तर १–५ होते. बाउट संपते आणि फरक चारचा चारच राहतो. म्हणून मागे असलेल्याने दोघांनी एकदम धावून भिडायचे टाळायचे असते. अंतर ठेवायचे, समोरचा शेवटच्या टचसाठी हात लांबवेल तेव्हा मनगट किंवा कोपराखालचा हात गाठायचा आणि लगेच मागे सरायचे. मी तेच केले. पहिला टच मनगटावर बसला, दुसरा त्याच्या लंजवर पुढच्या हातावर, तिसरा पुन्हा मनगटावर. ३–४ झाल्यावर त्याने सावधपणे वाट पाहिली आणि माझ्या गुडघ्यावर टच मारला. हरलो, पण ओळीत ० ऐवजी ३ आले.

शेवटची बाउट मी ४–३ ने जिंकलो. चौथा टच झाला आणि थोड्याच वेळात तीन मिनिटे संपली. कागदावर विजयासाठी इंग्रजी व्ही लिहितात. नुसता व्ही म्हणजे पाच टच. वेळ संपून चार टचवर विजय मिळाला असेल तर व्हीसोबत ४ लिहावा लागतो. कागद सहीसाठी माझ्यापुढे आला तेव्हा त्या चौकटीत नुसता व्ही होता. म्हणजे माझे टच २३ ऐवजी २४ आणि इंडिकेटर शून्याऐवजी अधिक १.

अशी चूक सहसा पकडली जात नाही. टेबलावर बसलेले लोक एक तपासणी करतात. सातही जणांच्या इंडिकेटरची बेरीज शून्य आली पाहिजे, कारण माझा प्रत्येक टच कुणीतरी खाल्लेला असतो, आणि सात जणांच्या पूलमध्ये एकूण विजय २१ झाले पाहिजेत. वजाबाकी चुकली तर ही तपासणी ती लगेच दाखवते. पण चौकटीत मुळातच ४ च्या जागी ५ धरले गेले तर माझ्या ओळीत एक वाढतो आणि समोरच्याच्या रकान्यातही एक वाढतो. बेरीज शून्यच राहते. विजयही २१ च राहतात. ती चौकट बरोबर आहे की नाही हे फक्त त्या बाउटमधले दोघे आणि रेफरी सांगू शकतात. सही त्यासाठीच घेतात.

माझा प्रतिस्पर्धी सही करून पाण्याची बाटली शोधायला गेला होता. मला मिळणारा जादा टच त्याच्या खात्यातून जाणार होता, त्याने न खाल्लेला टच त्याच्या इंडिकेटरमधून वजा होणार होता. मी रेफरींना चौकट दाखवली. त्यांनी व्हीपुढे ४ लिहून स्वतःची सही केली. सगळे मिळून अर्धा मिनिट लागला असेल.

चारही पूलचे निकाल एकत्र करून २८ जणांची एकच यादी लागली. तीनपेक्षा जास्त विजय असलेले अकरा जण होते. बरोबर तीन विजयांचे आम्ही सात जण, बाराव्यापासून अठराव्यापर्यंत. आमचे इंडिकेटर अनुक्रमे अधिक ४, अधिक २, शून्य, शून्य, उणे ३, उणे ५ आणि उणे ८ होते. दोन शून्यांपैकी दुसऱ्याने २५ टच मारले होते आणि २५ खाल्ले होते. माझे २३. म्हणून तो चौदावा, मी पंधरावा. अधिक १ राहिला असता तर मी चौदावा झालो असतो. डावखुऱ्याविरुद्धचे तीन टच नसते तर इंडिकेटर उणे ३ झाला असता. दुसऱ्या उणे ३ वाल्याचे २२ टच होते आणि माझे २० राहिले असते, म्हणजे मी सोळावा. आणि ४–५ ने हरलेल्या बाउटमध्ये ४–४ वरचा शेवटचा टच माझा असता तर चार विजयांसह मी निदान बारावा आलो असतो. टच एकच, पण तो विजयाच्या रकान्यात पडला की त्याचे वजन वेगळे असते.

पुढची फेरी डायरेक्ट एलिमिनेशनची, पंधरा टचची, हरला तो बाहेर. आमच्या स्पर्धेत पूलमधून कुणाला काढत नव्हते, पूलने फक्त क्रम ठरत होता. आईच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच. २८ जणांसाठी ३२ चा तक्ता लागतो. त्यात पहिल्या लढतीतल्या दोघांच्या क्रमांकांची बेरीज ३३ असते. पहिला बत्तिसाव्याशी, दुसरा एकतिसाव्याशी. एकोणतीस ते बत्तीस हे क्रमांक रिकामे होते, म्हणून पहिल्या चौघांना बाय मिळाला. पंधराव्याची लढत अठराव्याशी, आणि त्यातून जिंकणाऱ्याची गाठ थेट दुसऱ्या क्रमांकाशी.

अठरावा म्हणजे उणे ८ वाला. तो आमच्याच शाळेचा होता, डॉर्ममध्ये माझ्या शेजारच्या पलंगावरचा, मूळचा मणिपूरचा. पूल लावताना एका शाळेची मुले शक्यतो वेगवेगळ्या पूलमध्ये टाकतात. तक्त्यात मात्र क्रमांक जिथे नेईल तिथे उभे राहावे लागते. तक्ता भिंतीवर लागला तेव्हा आम्ही दोघे एकदमच वाचायला गेलो. तो म्हणाला, "तुझा एक टच कापला नसता तर आपण भेटलो नसतो." मी म्हणालो, "माझ्याजागी तुला दुसरा कुणीतरी भेटला असता." मग आम्ही वेगवेगळ्या कोपऱ्यांत जाऊन वॉर्मअप केला. सर त्या लढतीत कुणाच्याच बाजूला उभे राहिले नाहीत.

माझा इंडिकेटर शून्य, त्याचा उणे ८. तसे पाहता मी वरचढ ठरायला हवा होतो. पण त्याचे उणे ८ बहुतेक तीन पराभवांतून आले होते, ०–५, १–५ आणि २–५. पाच टचच्या बाउटमध्ये तो सुरुवातीला दोन-तीन टच खाऊन बसतो आणि सावरेपर्यंत बाउट संपते. पंधरा टचच्या लढतीत तीन-तीन मिनिटांचे तीन भाग आणि मध्ये एकेक मिनिटाची विश्रांती असते. तिथे त्याला सावरायला वेळ मिळतो. पहिल्या भागात मी ६–३ पुढे होतो, दुसऱ्याच्या शेवटी १०–१०, आणि शेवटी तो १५–१३ ने जिंकला. पुढे दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाने त्याला १५–९ ने हरवले.

ऑलिंपिकच्या वैयक्तिक प्रकारात हल्ली पूल नसतात. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भवानी देवी थेट एलिमिनेशनच्या तक्त्यात उतरली. पहिली लढत १५–३ ने जिंकली आणि दुसऱ्या लढतीत फ्रान्सच्या मॅनन ब्रुनेकडून ७–१५ ने हरली. ब्रुनेने पुढे कांस्यपदक मिळवले. तिथे तक्त्यातली जागा जागतिक क्रमवारीवरून ठरते, म्हणजे आधीच्या अनेक स्पर्धांच्या निकालांवरून. आम्हाला ती जागा त्याच सकाळी, सहा बाउटमध्ये ठरवावी लागते.

हरल्यावर पूलचा हिशेब संपला असे मला वाटले होते, पण अंतिम यादीतही तो होताच. एकाच फेरीत बाद झालेल्यांचा आपसातला क्रम पूलनंतरच्या क्रमांकावरून लागतो. पहिल्या फेरीत बारा जण बाद झाले, त्यांना सतरा ते अठ्ठावीस या जागा. त्या दिवशी बाकी सगळ्या लढती वरच्या क्रमांकाच्याच मुलांनी जिंकल्या, म्हणून बारांमध्ये पंधराव्याच्या वर कुणी नव्हते आणि मी सतरावा आलो. माझा शेजारी दुसऱ्या फेरीत बाद झालेल्या आठांमध्ये शेवटचा, म्हणजे सोळावा.

आता सरावात पाच टचच्या बाउट झाल्या की आम्ही दोघे वहीत ओळ लिहितो. माझ्या वहीत हरलेल्या बाउटचे टच लाल शाईने असतात आणि त्याच्या वहीत सुरुवातीच्या तीस सेकंदांत खाल्लेले टच. गेल्या आठवड्यात त्याचा इंडिकेटर पहिल्यांदा अधिक झाला, अधिक २. माझा त्या दिवशी उणे १ होता.