साठ हजारांची शिल्लक

गेली काही वर्षं मी एका छोट्या ट्रस्टचा खजिनदार आहे. ट्रस्टचं एक वसतिगृह आहे, तालुक्याच्या गावी. आजूबाजूच्या वाड्यांवरून शिकायला आलेली चाळीस मुलं तिथे राहतात. घरच्या मंडळींना वाटतं, मी महिन्यातून एकदा जाऊन सह्या करतो आणि चहा पिऊन येतो. तेही खरंच आहे म्हणा! पण जानेवारी-फेब्रुवारीत मात्र वेगळं काम असतं, पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे ठरावीक उत्पन्नावरच्या ट्रस्टला ते वर्ष सुरू व्हायच्या किमान एक महिना आधी धर्मादाय कार्यालयात द्यावं लागतं. म्हणजे एप्रिल ते मार्च असं वर्ष असेल, तर फेब्रुवारी संपायच्या आत.

यंदाचा पहिला मसुदा झाला तेव्हा सगळे खूश होते. जमा 15,80,000, खर्च 15,20,000, शिल्लक 60,000. एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "चला, यंदा ओढाताण नाही." मी म्हटलं, "काका, हीच बेरीज जरा वेगवेगळ्या रकान्यांत मांडून बघूया."

कारण असं की ट्रस्टकडे येणारा सगळा पैसा एका जातीचा नसतो. मुलांची फी, कुणी सहज दिलेली देणगी, साध्या ठेवींचं व्याज हा मुक्त पैसा. त्यातून पगार द्या, किराणा भरा, विजेचं बिल भरा, कुणी विचारणार नाही. दुसरा पैसा बांधील असतो. देणाऱ्याने तो एका कामासाठी दिलेला असतो आणि त्याच कामाला तो लागला पाहिजे. आमच्याकडे असे दोन निधी आहेत. एका माजी विद्यार्थ्याने आईच्या नावे छताच्या दुरुस्तीसाठी सहा लाख द्यायचं लेखी कळवलंय. आणि वीस लाखांची एक जुनी कायम ठेव आहे, जिच्या व्याजातून बारा मुलांना प्रत्येकी दहा हजारांची शिष्यवृत्ती मिळते. त्या ठेवीची मुद्दल अंदाजपत्रकात येतच नाही, ती ताळेबंदात कॉर्पस म्हणून बसलेली असते. इथे येतं ते फक्त व्याज.

वेगळं मांडल्यावर तक्ता असा झाला:

| | मुक्त | छत | शिष्यवृत्ती | एकूण |
|---|---|---|---|---|
| आरंभीची शिल्लक | 90,000 | 0 | 0 | 90,000 |
| जमा | 8,60,000 | 6,00,000 | 1,20,000 | 15,80,000 |
| खर्च | 10,00,000 | 4,00,000 | 1,20,000 | 15,20,000 |
| अखेरची शिल्लक | –50,000 | 2,00,000 | 0 | 1,50,000 |

शेवटचा रकाना तोच आहे जो सगळ्यांना आवडला होता. पण पहिला बघा. पगार, किराणा, वीज आणि ऑडिट मिळून दहा लाख लागणार आणि मुक्त जमा आहे 8,60,000. म्हणजे 1,40,000 ची तूट. गेल्या वर्षीचे नव्वद हजार घातले तरी पन्नास हजार कमीच. मग शिल्लक दिसली कुठून? छताच्या पैशातून. छताचं अर्धंअधिक काम यंदा होणार, उरलेलं पुढच्या वर्षी, आणि त्यासाठीचे दोन लाख मार्चअखेर आपल्याकडे असणार. एकाच रकान्यात या दोन लाखांनी तूट झाकून टाकली होती.

यात चोरी कुणीच करत नाही, हे लक्षात घ्या. बँकेत पैसे असतात, किराणावाला दारात उभा असतो, चेक फाडला जातो. पुढच्या वर्षी गवंडी आला की मगच कळतं, दोन लाखांतले पन्नास हजार डाळ-तांदळात गेले.

हे ओळखायची एक सोपी तपासणी आहे, आणि ती महिन्याच्या शेवटी दहा मिनिटांत होते. बँकेतली शिल्लक आणि मोकळ्या ठेवी यांची बेरीज करायची. (कॉर्पसची ठेव यात धरायची नाही.) शेजारी सगळ्या बांधील निधींची न खर्चलेली शिल्लक लिहायची. पहिली रक्कम दुसरीपेक्षा कमी असेल, तर बांधील पैसा दुसरीकडे गेलाय. आमच्या तक्त्यात मार्चअखेर बँकेत दीड लाख असतील आणि एकट्या छताला दोन लाख हवेत. फरक नेमका पन्नास हजार.

रकाने पाडताना खरी मेहनत वर्गवारीची असते. मी देणगीदारांची पत्रं आणि पावत्यांची स्थळप्रत घेऊन बसतो. पावतीवर हेतू लिहिलेला असेल किंवा आपणच "छतासाठी मदत करा" असं आवाहन केलेलं असेल, तर तो पैसा बांधील. एका गोष्टीवर मात्र दरवर्षी वाद होतो. आमच्या कार्यकारिणीने ठराव करून जुन्या नव्वद हजारांना "संगणक निधी" असं नाव दिलं होतं. नाव भारदस्त आहे, पण ते बंधन आपणच घातलेलं आहे, दुसऱ्या ठरावाने आपणच काढू शकतो. म्हणून तो पैसा मुक्त रकान्यातच राहतो. उलट देणाऱ्याने घातलेली अट आपल्या ठरावाने सुटत नाही. त्याचीच लेखी संमती लागते, आणि तो हयात नसेल तर धर्मादाय आयुक्तांच्या दारी जावं लागतं.

बांधील निधींचाही एकच रकाना करून भागत नाही. छताच्या शिलकीतून शिष्यवृत्ती देता येत नाही, म्हणून दर निधीला वेगळा रकाना. आमचे दोनच आहेत. वीस असते तर मी मुख्य तक्त्यात "बांधील" असा एक रकाना ठेवून मागे वेगळं परिशिष्ट जोडलं असतं. धर्मादाय कार्यालयाला अंदाजपत्रक विहित नमुन्यात जातं, तिथे आमचा "एकूण" रकाना उतरतो. बाकीचे रकाने आमच्यासाठी. आणि रकाने पाडले म्हणून पैसे आपोआप वेगळे होत नाहीत, बँकेत ते एकत्रच असतात. परदेशी देणगीला कायद्यानेच वेगळं खातं लागतं, पण आम्हाला तशी देणगी येत नाही.

असो. तर पन्नास हजार आणायचे कुठून? फी वाढवा, असं एकाने सुचवलं. दर मुलामागे साडेबाराशे रुपये. ज्यांच्या घरून बारा हजारच ओढून-ताणून येतात, त्यांना हे सांगायला कुणी तयार होईना. मग काकांनीच तोड काढली. वसतिगृह वर्षातले अडीचशे दिवस चालतं आणि किराण्याचा खर्च पाच लाख. म्हणजे एका दिवसाचं जेवण दोन हजार रुपयांत. लोकांना "एक दिवसाचं जेवण" द्यायला सांगायचं. हा पैसाही बांधीलच, त्यालाही रकाना पडणार. पण तो अशा खर्चाला बांधलेला आहे जो मुक्त रकान्यातून होणारच होता. त्यामुळे जेवढा तो येईल तेवढा मुक्त रकाना हलका होतो. छताच्या देणगीने हे कधीच झालं नसतं, ती कितीही मोठी असली तरी.

पंचवीस दिवस हवेत. आत्तापर्यंत अकरा ठरलेत, त्यातला एक आमच्या आत्याचा, आजीच्या तिथीला. पावतीवर "एक दिवसाचे भोजन" असं मी स्वतः लिहून दिलंय, म्हणजे पुढे जो कोणी खजिनदार होईल त्याला कुठल्या रकान्यात टाकायचं ते विचारावं लागणार नाही.